कागदी विमान: पंख रुंद की टोकदार, आणि यू-पिन कुठे लावायची?

सहावीच्या वर्गात कागदी विमानांचा प्रयोग करायचा म्हटलं की मुलं दहा प्रकारची विमानं करतात, सगळी उडवतात आणि शेवटी कोणतं कशामुळे लांब गेलं हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून दोनच विमानं घ्या.

कागद एकाच गठ्ठ्यातला, ए-फोर. वेष्टनावर ७५ जीएसएम लिहिलेलं असेल तर एक चौरस मीटर कागदाचं वजन ७५ ग्रॅम. ए-फोर त्याचा सोळावा भाग, म्हणजे साधारण ४.७ ग्रॅम. जळगावात सराफाचा काटा सापडायला वेळ लागत नाही. आम्ही ओळखीच्या दुकानात कागद ठेवून पाहिला आणि सोबत २० यू-पिना एकदम तोलल्या: ८ ग्रॅम. म्हणजे एक पिन ०.४ ग्रॅमची.

पहिलं विमान टोकदार. कागद उभा मधोमध दुमडून उघडा. वरचे दोन्ही कोपरे मधल्या घडीवर आणा, तयार झालेल्या तिरक्या कडा पुन्हा मधल्या घडीवर आणा. मग विमान मिटा आणि दोन्ही बाजूंची वरची कड खाली पोटाशी आणून पंख काढा.

दुसरं रुंद पंखांचं. कोपरे आधीसारखेच मध्ये आणा, पण आता वरचा अख्खा त्रिकोण पाकिटाच्या झाकणासारखा खाली दुमडा. नवे कोपरे मध्ये आणा, मात्र त्रिकोणाचं टोक खाली दोनेक सेंटिमीटर उघडं राहू द्या. ते टोक वर दुमडलं की कोपरे अडकून बसतात. हे टोक बाहेर राहील अशा बेताने विमान उलट्या बाजूला मिटा आणि पंख काढा. कागद तोच असल्याने वजन तेच, बदलला फक्त आकार. घडी नखाने दाबून घ्या. ढिल्या घडीचे पंख उडताना उघडतात.

जागा शाळेचा व्हरांडा. मैदान नको, आपल्याकडचा उन्हाळी वारा रुंद पंखांना उचलून कुठेही नेतो. फेकणारा मुलगा एकच, पाय रेघेवर, हात खांद्याजवळ. मोजायचं ते विमान जिथे पहिल्यांदा टेकलं तिथवर, कारण शहाबादी फरशीवर टोकदार विमान चांगलं हात-दोन हात घसरतं. त्यामुळे एकाने पुढे उभं राहून टेकण्याची जागा खडूने खुणवायची. आणि भिंतीचं काय करायचं, हे आधीच ठरवा. आमच्याकडे दुसऱ्याच फेकीला ओरड झाली, "सर, मन्हं इमान भितले लागनं!" मग ठरलं की अशी फेक बाद, पुन्हा फेकायचं.

प्रत्येकी पाच फेकींचे आमचे आकडे, मीटरमध्ये:

टोकदार: ७.२, ८.१, ७.६, ३.९, ७.९
रुंद: ५.४, ९.८, ६.१, ८.८, ५.९

सरासरी काढली तर टोकदार ६.९४ आणि रुंद ७.२, म्हणजे रुंद जिंकलं. पण आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घेतला तर टोकदार ७.६ आणि रुंद ६.१! टोकदारची सरासरी एका फसलेल्या फेकीने पाडली, तर रुंदची दोन नशीबवान फेकींनी चढवली. मी मधला आकडाच धरतो.

रुंद विमान इतकं लहरी का? नीट पाहिलं तर ते नाक वर करतं, थबकतं आणि खाली कोसळतं. नाक वर गेलं की वेग मरतो आणि वेग मेला की पंखांना हवेचा आधार उरत नाही. इथे यू-पिन कामाला येते. नाकाला एक पिन लावल्यावर त्याच विमानाचा मधला आकडा ८.७ झाला, दोन पिनांना ८.२ आणि तीन पिनांना ५.६, कारण आता ते सरळ नाकावरच उतरायला लागलं. टोकदार विमान एका पिनेने ७.८ पर्यंत गेलं. एवढ्याशा फरकावर काही ठरवू नका, तेवढा फेकणाऱ्याच्या हातातही असतो.

आता खरी गंमत. रुंद विमानाच्या नाकाच्या दोन पिना काढून शेपटीला लावा. वजन तितकंच, तरी विमान जेमतेम तीन मीटरवर नाक वर करून पडलं. मुलांना वाटत होतं की पिनेचं वजन विमानाला पुढे ओढतं. तसं असतं तर पिन कुठेही चालली असती. उडवण्याआधी विमान पोटाखाली बोट धरून तोला आणि ते जिथे समतोल राहतं तिथे पेन्सिलने खूण करा. नाकाला पिन लावली की ही खूण पुढे सरकते, शेपटीला लावली की मागे. आमच्या एका गटाने पुढे आकडे लिहिण्याऐवजी नुसत्या या खुणा पाहून कोणतं विमान थबकेल ते आधीच सांगायला सुरुवात केली, आणि टोकदार विमान सोडलं तर बहुतेक वेळा बरोबर सांगितलं.