टाचांच्या भेगा: घासणं कमी केलं, तेव्हा भरल्या

लक्षण असं: दोन्ही टाचांच्या कडेला पिवळट, कडक कातडी आणि तिच्यात उभ्या भेगा. चादरीचा धागा अडकायचा, डाव्या टाचेतून रक्तही यायचं. आधी कोकमाचं मुठेल लावलं, मग पेट्रोलियम जेली. मऊ वाटायचं, पण जाड थर तसाच राहायचा. रोज अंघोळीत वज्रीने जोरात घासायचे, तर चार दिवसांत कातडी आणखी जाड. दोन वर्षं याच चक्रात वैतागले.

उपयोग झाला तो क्रम असा. रक्त येणाऱ्या भेगेवर आधी फक्त पेट्रोलियम जेली आणि पट्टी, ती मिटेपर्यंत, कारण उघड्या भेगेत युरिया झोंबतो. मग रोज रात्री पाय धुऊन, टिपून, २५ टक्के युरियाचं क्रीम टाचेपुरतं लावलं आणि वर सुती मोजे घातले. पहिला आठवडा घासणं पूर्ण बंद. एवढ्या प्रमाणातला युरिया कडक थर सैल करतो. १० टक्क्यांचा मुख्यतः ओलावा धरतो.

आठव्या दिवसापासून आठवड्यातून दोनदा, कोरड्या टाचेवर, टाच घासायच्या फाइलच्या बारीक बाजूने एकाच दिशेला आठ-दहा हात. ओल्या कातडीत किती निघालं ते कळत नाही. पांढरी भुकटी पडते तोवर ठीक, टाच गुलाबी किंवा हुळहुळी झाली की थांबायचं.

पाचव्या आठवड्यात कडा सपाट झाल्या. आता १० टक्क्यांचं क्रीम रोज लावते, आणि घरातही मागून बंद चप्पल वापरते.

मधुमेह असेल किंवा पायाला बधिरपणा असेल तर फाइल स्वतः वापरू नका, आधी डॉक्टरांना पाय दाखवा.