पगारपत्रकाच्या तक्त्यात या चुका टाळा

पगारपत्रक तपासायला आले की मी आधी बेरजांकडे नव्हे, तर तपासणीच्या सूत्राकडे पाहतो, कारण बहुतेक ठिकाणी ते सूत्र काहीच तपासत नाही.

एका कार्यालयातला स्प्रेडशीटमधला तक्ता असा होता: B2 ते B4 मध्ये मिळकत, म्हणजे मूळ वेतन 30000, घरभाडे भत्ता 12000 आणि प्रवास भत्ता 3000; D2 ते D4 मध्ये कपात, म्हणजे निर्वाह निधी 3600, कर 1500 आणि कर्जाचा हप्ता 2500; B5 आणि D5 मध्ये त्यांच्या बेरजा. निव्वळ वेतन 37400 यायला हवे होते, पण पत्रकावर 39900 छापले गेले आणि शेजारी ‘बरोबर’ असा शेराही उमटला. हप्त्याचा आकडा दुसऱ्या फाइलमधून चिकटवलेला असल्यामुळे तो संख्या म्हणून नव्हे, तर मजकूर म्हणून बसला होता. `SUM` असा मजकूर निमूटपणे वगळते, त्यामुळे कपातीची बेरीज 7600 ऐवजी 5100 झाली. तपासणीचे सूत्र होते `=IF(B6=B5-D5,"बरोबर","तपासा")`, आणि B6 मधले निव्वळ वेतनही याच वजाबाकीतून काढलेले होते. ज्या बेरजेत चूक आहे, तिच्याच आधारे उत्तर पडताळले, तर ते नेहमी बरोबरच दिसणार.

मी बेरजेआधी नोंदी मोजतो. `COUNT` फक्त संख्या मोजते आणि `COUNTA` भरलेले सगळे रकाने मोजते. दोन्ही जुळले नाहीत, तर कुठेतरी मजकूर शिरला आहे.

```
=IF(AND(COUNT(B2:B4)=COUNTA(B2:B4),COUNT(D2:D4)=COUNTA(D2:D4)),"बरोबर","तपासा")
```

आकडा डावीकडे चिकटलेला दिसला, तरी संशय घ्यावा. अशा वेळी घाईत रकान्याचे स्वरूप ‘Number’ करून मोकळे होणाऱ्यांची मला चीड येते, कारण तेवढ्याने मजकुराची संख्या होत नाही. आकडा पुन्हा टंकावा लागतो. मात्र 2500 ऐवजी 5200 टंकले, तर ही मोजणी ते पकडणार नाही. त्यासाठी मूळ नोंदीशी ताळा घ्यावाच लागतो.

दुसरी चूक दशांश लपवण्याची आहे. 1200.4 आणि 850.4 हे आकडे पत्रकावर 1200 आणि 850 दिसतात, पण बेरीज 2050.8 असल्याने 2051 छापली जाते, आणि हाताने बेरीज करणारा कर्मचारी रास्तपणे एका एककाचा हिशेब मागतो. म्हणून टक्केवारीने निघणारी प्रत्येक रक्कम तिच्याच ओळीत पूर्णांकात आणावी, उदाहरणार्थ `=ROUND(B2*12%,0)`. फक्त शेवटच्या बेरजेला `ROUND` लावणे ही पळवाट आहे.

कपातीचे आकडे उणे चिन्हाने लिहू नयेत, नाहीतर वजाबाकीत ते मिळकतीत मिळवले जातात. नवा भत्ता आला, तर ओळ बेरजेच्या लगेच वर न घालता यादीच्या मध्ये घालावी, म्हणजे `SUM` ची व्याप्ती आपोआप वाढते.