जांगड माल: चलानापासून बिलापर्यंत, आणि परत आलेल्या नगांचा हिशेब

जांगड म्हणजे पसंतीवर दिलेला माल. दुकानदाराने न्यायचा, गिऱ्हाइकांना दाखवायचा, ठेवायचं ते ठेवायचं आणि उरलेलं परत करायचं. माल त्याच्या कपाटात असला तरी होकार येईपर्यंत मालकी आपली. त्यामुळे पाठवताना बिल नाही, डिलिव्हरी चलान करायचं. "आधी सगळ्याचं बिल फाडा, परत येईल त्याची क्रेडिट नोट करा" असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. न झालेल्या विक्रीचा कर तुम्ही आधी भरता, समोरचा त्याचं क्रेडिट घेतो आणि मग दोघंही उलटे हिशेब करत बसता.

एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. येवल्याच्या एका घाऊक व्यापाऱ्याने 10 जूनला कोल्हापूरच्या दुकानाला 12 रेशमी साड्या जांगडवर पाठवल्या: 9,000 च्या सहा, 14,000 च्या चार आणि 22,000 च्या दोन. एकूण 1,54,000 रुपये.

चलान

वेगळी क्रमांकमालिका, तारीख, दोघांची नावं-पत्ते आणि जीएसटी क्रमांक, एचएसएन, वर्णन, नग, किंमत, कराचा दर व रक्कम, सही. तीन प्रती: मूळ प्रत माल घेणाऱ्याला, दुसरी ट्रान्सपोर्टला, तिसरी आपल्याकडे. किंमत खरी लिहा. "विक्री नाही ना, मग एक रुपया टाका" हा सल्ला रस्त्यात गाडी अडवली की अंगाशी येतो. माल हरवला तर भरपाई मागायला तुमच्या हातात कागद तोच असतो.

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल जात असेल तर ई-वे बिलाची मर्यादा 1 लाख रुपये आहे, राज्याबाहेर जात असेल तर 50,000. आपला गठ्ठा लाखाच्या वर आहे, म्हणून ई-वे बिल काढायचं. पोर्टलवर `Document Type` मध्ये `Delivery Challan` आणि `Sub Type` मध्ये `Others` निवडून "जांगड" असं कारण लिहायचं.

दोन गोष्टी कायद्यात कुठे मागितलेल्या नाहीत, पण त्यांच्याशिवाय मी चलान बाहेर सोडत नाही. पहिली, प्रत्येक साडीचा नग क्रमांक. "9,000 च्या सहा" एवढंच लिहिलंत तर पुढचं सगळं अंदाजाने चालतं. माझ्याकडे साडीच्या आतल्या कोपऱ्याला कापडी चिठ्ठी टाचलेली असते, तिच्यावरचाच आकडा चलानावर येतो. दुसरी, निर्णयाची मुदत. "पसंती 25 जूनपर्यंत कळवावी" अशी एक ओळ. मालविक्री कायदा 1930 च्या कलम 24 प्रमाणे ठरलेली मुदत उलटेपर्यंत नकार न कळवता माल ठेवून घेतला, तर तो विकत घेतला असं धरलं जातं. मुदत लिहिलीच नसेल तर "वाजवी काळ" किती, यावर वाद घालत बसावं लागतं.

स्टॉकमधली नोंद

सॉफ्टवेअरमध्ये त्या दुकानाच्या नावाने एक वेगळं गोडाऊन उघडा, उदाहरणार्थ "जांगड-कोल्हापूर". टॅलीत असाल तर `Stock Journal` ने 12 नग `Main Location` मधून तिकडे हलवा. माल आपलाच राहतो, फक्त जागा बदलते. 31 मार्चला माल बाहेर असला तरी आपल्या शिल्लक साठ्यात मोजला जातो, वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

होकार, बिल आणि परत माल: इथेच घोळ होतो

सुरुवातीची काही वर्षं माझी पद्धत वजाबाकीची होती. परतीचा गठ्ठा येईपर्यंत थांबायचं, आलेले नग मोजायचे आणि गेलेल्यातून वजा करून उरलेल्याचं बिल पाठवायचं. सोपं वाटतं. एका दिवाळीच्या आधी 11 साड्या पाठवल्या होत्या. चार परत आल्या, मी सातचं बिल केलं. दुकानातून फोन आला, "साहेब, सहाच ठेवल्यात, पाच परत पाठवल्या." मी म्हणतो चार आल्या, ते म्हणतात पाच पाठवल्या. दोघंही खरं बोलत होतो. पाचवी साडी एका वेगळ्या पुडक्यात ट्रान्सपोर्टच्या गोदामात पडून होती, ती तीन आठवड्यांनी सापडली. तोवर बिल रिटर्नमध्ये गेलं होतं. मग क्रेडिट नोट, त्यांच्या अकाउंटंटचे फोन आणि बोलण्यात आलेला थोडा कडवटपणा.

चूक एवढीच होती की "परत आली नाही" म्हणजे "ठेवली" असं मी धरलं. जांगडच्या नगाची अवस्था तीनपैकी एक असते: ठेवला, परत आला किंवा अजून बाहेर आहे. पहिल्या दोन्हींना वेगवेगळा पुरावा लागतो. ठेवल्याचा पुरावा म्हणजे समोरच्याचा लेखी होकार, नग क्रमांकांसकट. परत आल्याचा पुरावा म्हणजे आपल्या टेबलावर मोजलेला नग. ज्याला यातला एकही पुरावा नाही, तो "बाहेर". मुदत संपेपर्यंत त्याचं बिलही नाही आणि जमाही नाही.

आता आपलं उदाहरण. 22 जूनला दुकानाचा व्हॉट्सॲप मेसेज येतो: सात ठेवल्या, सोबत नग क्रमांक. 9,000 च्या चार, 14,000 च्या दोन, 22,000 ची एक. बिल त्याच दिवशी करायचं. परतीच्या गठ्ठ्याची वाट पाहायची नाही, पैसे येण्याची तर नाहीच. पैसे उशिरा येणार असतील तर तो उधारीचा विषय, बिलाच्या तारखेचा नाही. होकार आला तेव्हा विक्री झाली.

सात साड्यांचे 86,000 रुपये, त्यावर 5 टक्के म्हणजे सीजीएसटी 2,150 आणि एसजीएसटी 2,150, एकूण बिल 90,300. बिलावर चलानाचा क्रमांक आणि तारीख घाला. या बिलासाठी नवं ई-वे बिल लागत नाही, कारण माल आधीच तिथे पोचलेला आहे, काहीच हलत नाही. उलाढाल 5 कोटींच्या वर असेल तर या बिलाचं ई-इन्व्हॉइस करावं लागेल.

बिल टाकताना गोडाऊनचा रकाना बघा. हे मी दुकानातल्या प्रत्येक नव्या मुलाला तीनदा सांगतो आणि तरी पहिल्या महिन्यात एकदा चुकतंच. सॉफ्टवेअर आपोआप `Main Location` पुढे करतं, घाईत एंटर दाबलं जातं आणि साड्या मुख्य साठ्यातून दुसऱ्यांदा वजा होतात. एकदा जांगडला हलवताना गेल्या होत्या, आता बिलात पुन्हा गेल्या. कोल्हापूरच्या गोडाऊनमध्ये मात्र विकलेल्या सात साड्या कागदावर तशाच बसलेल्या राहतात. ओळखायची खूण सोपी आहे. मुख्य साठ्यात एखादा नग उणे दिसू लागला, किंवा हिशेब मिटलेल्या दुकानाच्या जांगड गोडाऊनमध्ये शिल्लक दिसली, की आधी बिलाचा हा रकाना तपासा.

22 जूनला रात्री हिशेब असा दिसायला हवा: गेल्या 12, ठेवल्या 7, परत 0, बाहेर 5. त्या पाच साड्या वाटेत असल्या तरी अजून जांगड गोडाऊनमध्येच आहेत. "पाठवल्या" असा फोन आला म्हणून जमा करू नका.

25 जूनला गठ्ठा येतो. सोबत दुकानाचं परतीचं चलान असावं, त्यात आपल्या मूळ चलानाचा क्रमांक आणि पाचही नग क्रमांक. किंमत 68,000, कर धरून 71,400, म्हणजे राज्यातल्या राज्यात लाखाच्या आत. त्यामुळे जाताना ई-वे बिल लागलं तरी येताना लागत नाही. हेच दुकान बेळगावला असतं तर येतानाही लागलं असतं.

जमा करण्याआधी प्रत्येक साडी उलगडा. चिठ्ठी शाबूत आहे का, चिठ्ठीवरचा क्रमांक आणि साडी एकाच किमतीची आहे का, ब्लाउजपीस आहे का, घडी मूळ मोडीवर आहे का हे बघा. एकदा 22,000 च्या चिठ्ठीखाली 14,000 ची साडी निघाली होती. मुद्दाम केलेलं नव्हतं, दुकानात दाखवताना चिठ्ठ्या निघाल्या आणि उलटसुलट टाचल्या गेल्या. नग मोजून जमा केले असते तर पाच भरले असते आणि फरक वर्षअखेरीला कळला असता.

फॉल-पिको केलेली साडी परत घ्यायची नाही. फॉल लावला म्हणजे माल आपला मानून वापरला. कलम 24 मध्ये हेही येतं: होकार तोंडाने दिला नसला तरी माल आपलासा केल्याचं कृतीतून दिसलं तरी विक्री पूर्ण होते. अशा साडीचं बिल करायचं. एखाद्याला सवलत द्यायची असेल तर किंमत कमी करा, पण साडी साठ्यात घेऊ नका. नव्या साड्यांच्या घडीत ती पुन्हा विकायला निघते आणि तिसऱ्याच दुकानदाराशी भांडण होतं.

तपासून झाल्यावर पाच नग जांगड गोडाऊनमधून मुख्य साठ्यात हलवा, क्रेडिट नोट नाही. क्रेडिट नोट बिल झालेल्या मालाची असते, या पाचांचं बिल कधी झालंच नाही. गोडाऊनची शिल्लक शून्य झाली की चलानाच्या तिसऱ्या प्रतीवर बिलाचा क्रमांक आणि परतीची तारीख लिहून ती बंद फायलीत टाका.

मुदत उलटली तर

कोल्हापूरहून 25 जूनपर्यंत काहीच कळलं नसतं तर फोन करायचा, लेखीही विचारायचं आणि उत्तर नाहीच आलं तर बिल करायचं. गप्प राहून कितीही दिवस ढकलता येत नाही, कारण जीएसटी कायद्याच्या कलम 31(7) मध्ये बाहेरची सीमा आहे: माल निघाल्यापासून सहा महिने. 10 जूनला निघालेल्या मालाचं बिल, होकार येवो न येवो, 10 डिसेंबरच्या आत व्हायलाच हवं. त्यानंतर माल परत आला तर मात्र क्रेडिट नोट.

डिसेंबर जवळ आला की काही जण जुनं चलान बंद दाखवून त्याच मालाचं नवं चलान काढतात. साडी कोल्हापूरच्या कपाटातून हललेली नसते, पण कागदावर येवल्याला येऊन परत गेलेली असते. ना ट्रान्सपोर्टची पावती, ना गाडी नंबर. तपासणीत पहिला प्रश्न तोच येतो. सहा महिने मोजायला मी चलानावरच कोपऱ्यात लाल शाईने शेवटची तारीख लिहितो आणि उघड्या चलानांची फाईल त्या तारखेच्या क्रमाने लावतो, क्रमांकाच्या नाही.

महिन्याच्या जीएसटीआर-1 मध्ये तक्ता 13 ला चलानांची मालिका भरायची असते. `Delivery Challan for supply on approval` अशी वेगळी ओळ तिथे आहे, रद्द केलेली चलानंही तिथेच मोजायची.