ताप उतरला की लगेच सिंहगड? मायोकार्डायटिसमध्ये या चुका टाळा

फ्लूसारखा ताप उतरला की आपल्याकडे लोक तिसऱ्या दिवशी जिमला नाहीतर पर्वतीला हजर. बहुतेकांना काही होत नाही हे खरंय, पण काहींच्या बाबतीत हृदयाच्या स्नायूला सूज येते, तीच मायोकार्डायटिस, आणि छातीचं दुखणं कधीकधी ताप गेल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी सुरू होतं, त्यामुळे दोन्हीचा संबंध कुणी लावतच नाही.

माझ्या मावसभावाचं तसंच झालं. वय पंचविशीतलं, रनिंग करणारा. छातीत मधोमध दुखायचं, आडवं झालं की जास्त, पुढे वाकून बसलं की जरा बरं. घरात सगळ्यांचं एकमत, ॲसिडिटी! गोळी घेऊन पठ्ठ्या रविवारी आतकरवाडीतून गड चढायला गेला, निम्म्या वाटेत जोरात धडधडलं, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मटकन खाली बसला. ईसीजी बिघडलेला, रक्तात ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण, वाढलेलं, पण अँजिओग्राफीत हृदयाच्या नळ्या एकदम मोकळ्या. मग कार्डियाक एमआरआयमध्ये सूज आणि एका बाजूला डाग दिसला. (तोपर्यंत अंगदुखीसाठी ब्रुफेन चालूच होतं. यात अशा गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा.)

खरी गडबड पुढे झाली. दीड महिन्याने टूडी इको नॉर्मल आला, दुखणंही गेलं, आणि साहेब बूट घालून तयार. इथेच बरेच जण फसतात. इकोमध्ये पंपिंग दिसतं, पण स्नायूतला छोटा डाग किंवा उरलेली सूज त्यात निसटू शकते. हृदयातला करंट अशा जागेभोवती गोल फिरायला लागला की ठोके सुसाट सुटतात, आणि जोराच्या व्यायामात ॲड्रेनालिन वाढतं तेव्हा याची शक्यता जास्त. ठोके फारच वेगात पडले की हृदयात रक्त भरायलाच वेळ मिळत नाही, माणूस जागेवर कोसळू शकतो. शिवाय सूज ताजी असताना दमवणाऱ्या व्यायामाने स्नायूचं नुकसान वाढतं, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय.

म्हणून साधारण 3 ते 6 महिने रनिंग, वजनं, चढ, क्रिकेट बंद ठेवायला सांगतात. "मी फक्त स्लो जॉगिंग करतो" हा युक्तिवाद पण चालत नाही. सपाटीवर गप्पा मारत चालायलाही डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच सुरुवात करायची.

भावाला डॉक्टरांनी 24 तास ठोके नोंदवणारं होल्टर मशीन लावलं, त्यात रात्री एकापाठोपाठ एक जादा ठोके सापडले, त्याला स्वतःला काहीच जाणवलं नव्हतं. मुदत वाढली. सहा महिन्यांनी होल्टर स्वच्छ, ट्रोपोनिन नॉर्मल, ट्रेडमिल टेस्टमध्ये ठोके व्यवस्थित, तेव्हा कुठे हळूहळू जॉगिंगची परवानगी मिळाली.

त्यानंतरही धावताना धडधड किंवा चक्कर आली तर "हे किलोमीटर संपवतो" म्हणू नका, तिथेच थांबा, आणि कुणी बेशुद्ध पडलं तर 108 लावा, श्वास नीट चालत नसेल तर लगेच छाती दाबायला घ्या.