स्कॅनमधून शाईचा खरा रंग काढताना या चुका टाळा

स्कॅन उघडायचा, आयड्रॉपर एखाद्या अक्षरावर टेकवायचा, आणि जो आकडा येईल तो शाईचा रंग म्हणून लिहून मोकळं व्हायचं. जुनी खरेदीखतं, वाटणीपत्रं, नागपूरच्या इतवारीतल्या पेढ्यांच्या बह्या असल्या कागदांवर काम करणारे नव्वद टक्के नवखे इथूनच सुरुवात करतात, आणि मग निळ्या शाईला राखाडी म्हणत बसतात.

एक उदाहरण घेऊ. पिवळसर पडलेल्या कागदावर फाउंटन पेनने लिहिलेलं खरेदीखत आहे. अक्षराशेजारच्या कोऱ्या कागदाचा आकडा, लाल, हिरवा, निळा या क्रमाने आणि २५५ पैकी, (२२६, २०५, १६०) आणि जाड रेघेच्या मधोमध (७८, ८४, ९२). दुसरा आकडा पाहिला तर कुणीही म्हणेल की शाई करडी आहे. पण पेनच्या शाईचा थर पातळ असतो. प्रकाश त्यातून कागदापर्यंत जातो, कागदावरून परत फिरतो आणि पुन्हा शाईतूनच बाहेर येतो. म्हणजे आपल्याला दिसतं ते कागदाचा पिवळेपणा गुणिले शाईचा रंग. निळा प्रकाश आधी कागदानेच खाल्लेला असतो, म्हणून शाईतला निळा दबून जातो. गुणाकार झालाय, तर तो सोडवायला भागाकार लागतो.

कागदाचा रंग वजा करणे

ही चूक सगळ्यात लाडकी. विचार असा की कागद पांढऱ्यापासून जेवढा ढळला, तेवढं शाईत परत घालायचं. कागद २५५ पासून २९, ५० आणि ९५ ने कमी आहे, तर शाईत २९, ५०, ९५ मिळवा. वरच्या रेघेला असं केलं की (१०७, १३४, १८७) येतं, छान निळं दिसतं आणि माणूस खूश होतो.

तोच हिशेब आता त्याच कागदावरच्या काळ्या शाईवर लावा. रेघेचा गाभा समजा (३१, २७, १९) आहे. बेरीज केली की (६०, ७७, ११४). काळ्या शाईची चक्क निळी झाली! भागाकार केला तर (३६, ३६, ३७) येतं, म्हणजे साधी काळी. वजाबाकी-बेरजेची पद्धत गडद रंगांवर कागदाच्या उलट रंगाचा मुलामा चढवते आणि शाई जितकी गडद तितका तो जास्त उठून दिसतो. पिवळ्या कागदावरच्या प्रत्येक काळ्या शाईत तुम्हाला निळसर झाक सापडायला लागली, तर दोष शाईत शोधू नका.

भागाकार असा:

```python
import numpy as np

def lin(c):
    c = np.array(c) / 255.0
    return np.where(c <= 0.04045, c / 12.92,
                    ((c + 0.055) / 1.055) ** 2.4)

def srgb(x):
    x = np.clip(x, 0, 1)
    y = np.where(x <= 0.0031308, 12.92 * x,
                 1.055 * x ** (1 / 2.4) - 0.055)
    return np.rint(y * 255).astype(int)

T = lin([78, 84, 92]) / lin([226, 205, 160])
print(srgb(T), -np.log10(T))
```

उत्तर येतं (८९, १०६, १५०). करडी वाटणारी शाई पांढऱ्या कागदावर सरळ निळी दिसली असती.

यातलं `lin` काय करतं? फाइलमधले आकडे डोळ्याच्या सोयीने वाकवलेले असतात. ते सरळ करून प्रकाशाच्या खऱ्या प्रमाणात आणतं. आता कुणी म्हणेल, ७८ ला २२६ ने भागून २५५ ने गुणलं तरी ८८ येतंच की. येतं. भागाकारात हा वाकडेपणा बराचसा आपोआप कटतो, म्हणून घाईत आकडे सरळ न करताच भागलं तरी मध्यम रंगांना फार धक्का बसत नाही. पण फार गडद रेघांवर फरक पडतो. आणि पिक्सेलांची सरासरी घेताना किंवा कडेचं मिश्रण सोडवताना आकडे सरळ केले नाहीत, तर उत्तर हमखास चुकतं. शॉर्टकट घ्यायचाच असेल तर तो कुठे चालतो एवढं तरी ठाऊक हवं.

भागाकारालाही एक मर्यादा आहे. काजळीची दाट शाई किंवा छापखान्याची काळी शाई कागद पुरता झाकते. तिथे कागदाचा रंग रेघेत उतरलेलाच नसतो, आणि तरी भागलं तर (३६, ३६, ३७) अशी काळी शाई उगाच (४२, ४७, ६५) अशी निळसर होते. ओळखायचं कसं? एकच रेघ कागदाच्या फिक्या भागातून पिवळ्या किंवा डागाळलेल्या भागात जाते अशी जागा शोधा. कागदासोबत रेघेचा आकडाही बदलत असेल तर शाई पारदर्शक आहे, भागा. रेघ दोन्हीकडे तशीच राहत असेल तर ती जशी दिसते तीच शाई, भागू नका.

बारीक रेघेवरून रंग ठरवणे

हे प्रकरण जरा महागात पडतं. धरमपेठेतल्या एका कुटुंबाच्या वाटणीपत्राचं घ्या. शेवटच्या दोन ओळी इतर मजकुरापेक्षा फिक्या आणि करड्या दिसत होत्या. कुणीतरी आयड्रॉपर लावला, वरची शाई निळी आणि खालची राखाडी असे दोन रंग काढले, आणि ‘या ओळी मागाहून घुसवल्या’ असा निष्कर्ष भावकीत फिरला. मग काय, आधीच धुमसणाऱ्या घरात भडका.

खालच्या ओळी कागद संपत आल्यामुळे बारीक अक्षरात लिहिल्या होत्या, आणि स्कॅन ३०० डीपीआयचा होता. ३०० डीपीआयला एका मिलिमीटरमध्ये जेमतेम १२ पिक्सेल बसतात. म्हणजे ०.४ मिलिमीटरच्या रेघेला पाचही नाहीत. दोन्ही कडांचे एक-दोन पिक्सेल अर्धे शाईचे, अर्धे कागदाचे. ते सोडले तर गाभा म्हणायला फार तर दोनतीन उरतात, आणि रेघ ०.२ मिलिमीटरची असेल तर सगळी रेघ म्हणजे नुसती कडाच.

कडेच्या पिक्सेलमध्ये शाई आणि कागद गुणले जात नाहीत, मिसळतात, आणि मिसळल्याने रंग फिका तर होतोच, शिवाय करडा होतो. वरच्याच निळ्या शाईचा अर्धा भाग आणि कागदाचा अर्धा भाग मिसळून मग कागदाने भागलं, तर (१९६, १९९, २११) येतं. निळेपणा जवळजवळ गायब.

खरोखर पातळ शाई आणि कडेचं मिश्रण यांत फरक करायचा एक चांगला मार्ग आहे. वरच्या कोडने रंगासोबत आणखी तीन आकडे दिले: १.००, ०.८४, ०.५२. ही लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातली शाईची घनता. तीच शाई अर्ध्या जाडीने बसली तर तिन्ही आकडे साधारण अर्धे होतात, पण त्यांचं आपसातलं प्रमाण १ : ०.८४ : ०.५२ च्या आसपासच राहतं. रंग तेव्हा (१५३, १६६, १९६) दिसतो, फिका पण स्वच्छ निळा. मिश्रण झालेल्या पिक्सेलमध्ये मात्र हे प्रमाण बिघडतं आणि १ : ०.९३ : ०.७२ होतं. तिन्ही आकडे एकमेकांजवळ सरकले की समजायचं, आपण शाई मोजत नाही, कडा मोजतोय.

म्हणून सवय अशी ठेवा: ६०० डीपीआयला स्कॅन करायचा, रेघेच्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन पिक्सेल टाकून द्यायचे, आणि गाभ्यातले तीसचाळीस पिक्सेल घेऊन त्यांचा मध्यक काढायचा. एका पिक्सेलवर भरवसा ठेवायचा नाही. जिथे पेन थांबून शाईचा ठिपका साचला ती जागाही सोडायची, कारण काही शाया दाट वाळल्या की पृष्ठभागावर लालसर चमक धरतात आणि स्कॅनर कधीकधी तीच टिपतो.

त्या वाटणीपत्राच्या खालच्या ओळींत एकदोन जाड वळणं होती. ती ६०० डीपीआयला मोजल्यावर प्रमाण वरच्या ओळींशी जुळलं. याचा अर्थ शाई एकच होती असा होत नाही बरं. दोन वेगळ्या शाया तीन आकड्यांत सारख्या दिसू शकतात, ते प्रयोगशाळेचं काम. अर्थ एवढाच की ‘दोन रंग’ हा पुरावा उरला नाही.

कागदाचा नमुना समासातून घेणे

जुना कागद कडांना जास्त तपकिरी पडतो, कारण हवा आणि उजेड तिथे जास्त पोचतो. समासाच्या रंगाने मधल्या मजकुराला भागलं की शाई गरजेपेक्षा निळी होते. नमुना त्याच शब्दाच्या आसपासचा हवा. पण अगदी चिकटूनही नको, कारण हिराकस आणि मायफळापासून केलेल्या जुन्या शाईभोवती कागद कधीकधी पिवळसर-तपकिरी झालेला असतो. रेघेपासून दोनतीन मिलिमीटर दूर, डाग नसलेला, मागची अक्षरं न उमटलेला तुकडा घ्या. मागचं उमटत असेल तर स्कॅन करताना पानामागे काळा कागद ठेवा. पान एकूण थोडं गडद येईल, पण ते भागाकारात निघून जातं. स्टॅम्पपेपरवर छापील नक्षी असते, तिथे नमुना नक्षीच्या त्याच रंगातून घ्यावा लागतो. चिकाटी नसेल तर स्टॅम्पपेपरच्या वाटेला जाऊ नका.

बाकीच्या

बर्डीवरच्या झेरॉक्सच्या दुकानातून स्कॅन करून आणणं. तिथल्या मशीनवर बहुधा पार्श्वभूमी पांढरी करणारी सेटिंग चालू असते. कागदाचा रंगच उडाला तर भागायचं कशाने?

धार वाढवणारी सेटिंग चालू ठेवणं. रेघेची कड गाभ्यापेक्षा गडद आणि शेजारचा कागद खऱ्याहून उजळ होतो. दोन्ही नमुने एकदम बिघडतात.

जेपीईजीत साठवणं. बहुतेक वेळा त्यात रंगाची माहिती दोन बाय दोन पिक्सेलांमागे एकच ठेवतात, म्हणजे बारीक रेघेचा रंग शेजारच्या कागदात कालवला जातो. टिफ किंवा पीएनजी घ्या. जेपीईजी उघडून टिफमध्ये साठवल्याने गेलेलं परत येत नाही, हेही सांगावं लागतं.

मोबाइलने फोटो काढणं. खिडकीकडची बाजू एक रंग, ट्यूबलाइटकडची दुसरा, वर फोन स्वतःच्या मर्जीने रंग बदलतो. काहून करता बाप्पा?

आलेल्या रंगाला लिहिल्या दिवशीचा रंग म्हणणं. हिराकस-मायफळाची शाई लिहिताना फिकी, मग हवेने निळसर काळी आणि वर्षांनी तपकिरी होते. भागाकाराने कागदाचा पिवळेपणा जातो, शाईचं वय जात नाही. नोंद करताना ‘आजच्या शाईचा, पांढऱ्या कागदावरचा रंग’ असं लिहा. सोबत कागदाचा आकडा, रेघेच्या गाभ्याचा आकडा, तिन्ही घनता आणि डीपीआय द्या, म्हणजे दुसऱ्याला तोच हिशेब पुन्हा करून पाहता येतो.