घसा सारखा खवखवतोय? खाकरण्याआधी या चुका टाळा

आमच्या इमारतीसमोर बांधकाम सुरू झालं आणि आठवडाभरातच माझा घसा खवखवायला लागला. ताप नाही, सर्दी नाही, गिळताना दुखतही नाही. फक्त घशात बारीक केस अडकल्यासारखं वाटायचं आणि तो काढायला मी दिवसभर खाकरत बसायचो. 'इन्फेक्शन असेल' असं परस्पर ठरवून घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या. ही माझी पहिली चूक. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, धूर आणि सिमेंटची धूळ त्याला काय दाद देणार?

दोष कोणाचा, हे न तपासता उपाय करणं

मग मी एका वहीत दहा दिवस नोंद ठेवली. उठल्यावर, कामावर पोहोचल्यावर आणि रात्री घसा किती त्रास देतो, याला 0 ते 5 गुण द्यायचे, एवढंच. कामाच्या दिवशी आकडे साधारण असे यायचे: सकाळी 4, कामावर पोहोचल्यावर 3, रात्री 1 किंवा 2. सुट्टीच्या दिवशी मी दुचाकी काढत नाही. त्या दिवशी दुपारपर्यंत आकडा 1 वर यायचा, पण सकाळचा 4 मात्र जागचा हलत नव्हता.

म्हणजे माझ्या घशाला त्रास देणारे दोघं होते. रस्त्यावरच्या धुराचा परिणाम प्रवासानंतर दिसत होता आणि सुट्टीला जात होता. सकाळचा त्रास घरातूनच येत होता. रात्रभर बांधकामाच्या बाजूची खिडकी उघडी असायची, पंख्याच्या पात्यांवर राखाडी थर बसला होता आणि नाक चोंदल्यामुळे मी झोपेत तोंडाने श्वास घेत होतो. दिवसा बांधकामावर चिडायचं आणि रात्री त्याचीच धूळ पंख्याने अंगावर घ्यायची, असा प्रकार होता.

ती खिडकी रात्री बंद केली आणि हवेसाठी दुसऱ्या बाजूची उघडली. पंखा ओल्या फडक्याने पुसला, चादरी बदलल्या. पाच दिवसांत सकाळचा आकडा 4 वरून 2 वर आला.

इथे आणखी एक चूक हमखास होते, ती म्हणजे कोरडं झाडणं. झाडूने जाड कचरा गोळा होतो, पण बारीक धूळ हवेत उडते आणि बराच वेळ तरंगत राहते. फरशी ओल्या फडक्याने पुसा, आणि झाडायचंच असेल तर आधी थोडं पाणी शिंपडा.

खाकरून घसा 'मोकळा' करणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, कारण ती करताना बरं वाटतं. जोरात खाकरलं की स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. दिवसातून शंभरदा असं झालं की त्यांना सूज येते, त्यांच्या रक्षणासाठी आणखी चिकट स्राव सुटतो आणि तो अडकल्यासारखा वाटतो. मग पुन्हा खाकरणं. धूर थांबला तरी हे चक्र चालूच राहतं. दूषित हवेतून बाहेर पडूनही आठवडेच्या आठवडे घसा बरा होत नाही, त्यामागे बऱ्याचदा ही सवय असते.

खाकरावंसं वाटलं की पाण्याचा छोटा घोट घ्या, हनुवटी किंचित खाली करा आणि जोर लावून गिळा. पाणी नसेल तर नुसता आवंढा गिळा. तेवढ्याने भागलं नाही तर आवाज न करता, आरशावर वाफ सोडावी तसा 'हा' करून श्वास सोडा. पहिले दोन-तीन दिवस हे अशक्य वाटतं. घरच्यांना टोकायला सांगा, कारण आपण खाकरतो हे आपल्याला कळतही नाही.

घसा थंड वाटणाऱ्या मेंथॉलच्या गोळ्यांवरही फार विसंबू नका. मेंथॉलमुळे गारवा जाणवतो, पण धूळ निघत नाही. गुळण्यांनी घशाचा वरचा भाग ओला होतो आणि आराम पडतो, पण ते पाणी स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही. गुळण्या जरूर करा, फक्त त्यांच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवा.

नाक सोडून घशावरच उपचार

घशाची गाळणी नाकात आहे. नाकातले केस आणि ओलसर अस्तर 10 मायक्रॉनहून मोठे बहुतेक कण अडवतं. आपला केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज येईल. नाक हवा गरम आणि दमटही करतं. तोंडाने श्वास घेतला की कोरडी, धुळकट हवा थेट घशावर आदळते.

म्हणून बाहेरून आल्यावर नाक धुतल्याचा मला जास्त उपयोग झाला. अर्धा लिटर पाण्यात 5 मिलीच्या चमच्याने सपाट पाऊण चमचा मीठ घाला, म्हणजे अंदाजे साडेचार ग्रॅम. पाणी उकळून कोमट केलेलं किंवा डिस्टिल्डच हवं. नळाचं कच्चं पाणी नाकात घालू नका. त्यातून क्वचित, पण मेंदूला जीवघेणा संसर्ग करणारा अमीबा जाऊ शकतो. मीठ कमी-जास्त झालं की नाक झोंबतं, तीच प्रमाण चुकल्याची खूण. महिनाअखेर माझा सकाळचा आकडा 1 वर आला.

मास्क आहे, पण हवा बाजूने येते

रुमाल जाड धूळ अडवतो, धुराचे बारीक कण नाही. सर्जिकल मास्कचं कापड बरं असतं, पण गालांजवळच्या फटींतून हवा आत येते. एन-95 मास्क 0.3 मायक्रॉनचे किमान 95 टक्के कण अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच. दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे किंवा गालांवर वारा लागला, तर नाकावरची पट्टी पुन्हा दाबून बसवा. दाढी असेल तर तो नीट बसतच नाही. धुऊ नका, त्याने कण पकडणारा विद्युतभार जातो. आणि लक्षात ठेवा, गाड्यांच्या धुरातले वायू त्यातून आरपार जातात.

सिग्नलला थांबल्यावर मोकळा श्वास घ्यायला मास्क खाली ओढणारे रोज दिसतात. गाड्या चालू ठेवून उभ्या असतात, म्हणजे धूर तिथेच दाट! बसच्या किंवा ट्रकच्या धुराड्यामागे थांबू नका. शक्य असेल तर मोठ्या रस्त्याला समांतर गल्लीतून जा. हमरस्त्यापासून थोडं दूर गेलं तरी धूर बराच कमी होतो. गाडीत असाल तर गर्दीच्या पट्ट्यात एसी आतलीच हवा फिरवेल असा ठेवा, आणि लांबच्या प्रवासात अधूनमधून बाहेरची हवा आत घ्या.

धुरावरच सगळं ढकलणं

नोंदीत हवेशी काहीच मेळ लागत नसेल, म्हणजे सुट्टीत, दुसऱ्या गावीही घसा तसाच राहत असेल आणि सकाळी तोंड आंबट होत असेल, तर पोटातलं आम्ल वर येत असण्याची शक्यता धरा. त्यात छातीत जळजळ होतेच असं नाही.

आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, गिळताना अडत असेल, एकाच बाजूला दुखत असेल, थुंकीत रक्त दिसलं, मानेत गाठ लागली किंवा वजन उगाच उतरत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. श्वास घेताना घरघर किंवा धाप लागत असेल तर त्याच दिवशी दाखवा. जाताना वही घेऊन जा. 'त्रास कधी वाढतो?' याचं उत्तर त्यात तयार असतं.