या चुका टाळा: चार रेषा मारल्या म्हणजे उत्तर आलं असं नाही

असाइनमेंट प्रॉब्लेम म्हणजे प्रत्येकाला एकेक काम असं वाटायचं की एकूण खर्च किंवा वेळ कमीत कमी लागेल. तो हंगेरियन पद्धतीने सोडवताना वजाबाकी सगळ्यांना जमते. माती होते ती रेषा मारताना. वजाबाकीनंतरची सगळी शून्यं झाकायला जितक्या रो तितक्या रेषा लागल्या की थांबायचं, एवढंच लक्षात असतं. मग शून्यं झाकली, चार बाय चारच्या तक्त्यात चार रेषा झाल्या, चला, ऑप्टिमम आलं! ही घाई मी पेपर तपासताना दरवर्षी बघतो आणि दरवर्षी चिडतो.

माझा एक जुना विद्यार्थी एसी दुरुस्तीच्या दुकानात सकाळच्या ड्युट्या लावतो. चार मेकॅनिक, चार गिऱ्हाइकं. कोणाला कुठे पोचायला किती मिनिटं लागतात, ते त्याने मांडलं होतं:

| मेकॅनिक कुठला | मुलुंड | दादर | चेंबूर | बोरिवली |
|---|---|---|---|---|
| अंधेरी | ४५ | ३० | ४० | ३० |
| कुर्ला | २५ | ३० | १५ | ५० |
| गोवंडी | ३५ | ४० | १० | ६५ |
| ठाणे | १५ | ४५ | ३५ | ६० |

प्रत्येक रोमधला सर्वात लहान आकडा (३०, १५, १०, १५) त्या रोमधून वजा केला की हे उरतं:

| मेकॅनिक कुठला | मुलुंड | दादर | चेंबूर | बोरिवली |
|---|---|---|---|---|
| अंधेरी | १५ | ० | १० | ० |
| कुर्ला | १० | १५ | ० | ३५ |
| गोवंडी | २५ | ३० | ० | ५५ |
| ठाणे | ० | ३० | २० | ४५ |

प्रत्येक कॉलममध्ये शून्य आधीच आहे, त्यामुळे कॉलममधून वजा करायला काही नाही. इथे पठ्ठ्याने चारही कॉलमवर उभ्या रेषा ओढल्या, चार मोजल्या आणि वाटप करून टाकलं. अंधेरीवाला दादरला, कुर्ल्याचा चेंबूरला, ठाण्याचा मुलुंडला. उरला गोवंडीचा, तो गेला बोरिवलीला, ६५ मिनिटं. एकूण १२५.

अहो, कॉलमची वजाबाकी झाली की प्रत्येक कॉलममध्ये शून्य असतंच! मग चार उभ्या रेषांनी सगळी शून्यं कायमच झाकली जाणार. त्यातून काहीच सिद्ध होत नाही. मोजायच्या त्या कमीत कमी रेषा, आणि इथे त्या तीनच आहेत. कमीत कमी रेषा जितक्या, तितकीच एकमेकांच्या रो-कॉलममध्ये न येणारी शून्यं निवडता येतात, हे कोनिग या हंगेरियन गणितज्ञाचं प्रमेय. कोनिग आणि एगरवारी यांच्या कामावरूनच हॅरॉल्ड कून यांनी १९५५ साली या पद्धतीला हंगेरियन म्हटलं.

म्हणून मी आधी रेषा मारतच नाही, आधी शून्यं वाटतो. एकच शून्य असलेली रो आधी घ्यायची: कुर्ला–चेंबूर, ठाणे–मुलुंड, मग अंधेरी–दादर. गोवंडीला काही उरलं नाही, म्हणून त्या रोला टिक. तिचं शून्य चेंबूरच्या कॉलममध्ये, त्याला टिक. चेंबूर कुर्ल्याकडे, म्हणून कुर्ल्याच्या रोला टिक. पुढे काही सापडत नाही, थांबायचं. आता टिक नसलेल्या रो (अंधेरी, ठाणे) आणि टिक असलेला कॉलम (चेंबूर) यांवर रेषा. तीनच. डोळ्यांनी अंदाजे झाकण्याचा शॉर्टकट मला मान्य नाही.

न झाकलेल्यांत सर्वात लहान १०. तो सगळ्या न झाकलेल्या आकड्यांतून वजा करायचा आणि जिथे दोन रेषा छेदतात तिथे मिळवायचा: अंधेरी–चेंबूर २०, ठाणे–चेंबूर ३०. एकाच रेषेखालचे आकडे जसेच्या तसे. छेदावर मिळवायला विसरणारे खूप आणि त्यांचं उत्तर कधी कधी तरीही बरोबर येतं, म्हणून सवय मोडत नाही. पण तक्ता तिथेच बिघडलेला असतो, पुढच्या फेरीत नसलेलं शून्य उगवू शकतं.

दुसऱ्या फेरीतही तीनच रेषा येतात, या वेळी अंधेरीची रो आणि मुलुंड, चेंबूर हे कॉलम. सर्वात लहान आकडा ५, तो कुर्ला–दादरला. तिथे शून्य झालं की वाटप पुरं होतं: अंधेरी–बोरिवली ३०, कुर्ला–दादर ३०, गोवंडी–चेंबूर १०, ठाणे–मुलुंड १५. एकूण ८५, म्हणजे त्याच्या वाटपापेक्षा ४० मिनिटं कमी.

ताळा मी असा करतो. सुरुवातीची वजाबाकी ३०+१५+१०+१५ म्हणजे ७०. नंतर प्रत्येक फेरीत तो लहान आकडा गुणिले (रोंची संख्या वजा रेषा), म्हणजे इथे १०×१ आणि ५×१. बेरीज ८५. मूळ तक्त्यातल्या खर्चाशी जुळली तर उत्तर पक्कं. छेदावर मिळवायला विसरल्यामुळे उत्तर चुकलं असेल, तर ते इथेच पकडलं जातं.

बाकीच्या चुका थोडक्यात. नफ्याचा तक्ता असेल तर आधी प्रत्येक आकडा सर्वात मोठ्या आकड्यातून वजा करा. माणसं चार आणि कामं पाच असतील तर शून्यांची डमी रो घाला. एखाद्याला एखादं काम द्यायचंच नसेल तर तिथे भला मोठा आकडा ठेवा. शून्य लिहिलंत तर ते काम नेमकं त्याच्याच गळ्यात पडेल.